सूत्रात नसलेला लोड

आमच्या कॉलेजात गेल्या काही वर्षांत एकच गोष्ट नियमाने चालते, ती म्हणजे रंगरंगोटी. कमिटी यायची असली की भिंती पांढऱ्या होतात, कुंड्या भाड्याने येतात, आणि एरवी कुलपात असलेली उपकरणं टेबलावर ओळीने मांडली जातात. बीडपासून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माळावर उभं असलेलं हे पॉलिटेक्निक. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. विभागात तेव्हा आम्ही दोघंच टिकून होतो: मी आणि विभागप्रमुख. बाकीचे पगार वेळेवर मिळतील अशा जागी निघून गेले होते.

विभागप्रमुखांची पीएच.डी. झालेली. नावाच्या पाटीवर ती नावापेक्षा मोठ्या अक्षरात होती. प्रयोगशाळेत ते फारसे येत नसत. आले तर हात मागे बांधून येत, जसं एखादा पाहुणा देवळात येतो आणि कशालाच शिवत नाही.

त्या वर्षी कमिटीला दाखवायला म्हणून त्यांनी एक ‘नवोन्मेष’ शोधून काढला. पुण्याच्या बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणायचं, वर कॉलेजचं स्टिकर लावायचं, याला ते नवोन्मेष म्हणत. ऊसतोडीला आईबाप गेले की गावात मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं. तशा एका वसतिगृहासाठी सौर दिवे. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना अख्खा तालुका भाऊ म्हणतो, त्यांना ही कल्पना फार आवडली. वसतिगृह त्यांच्याच मेहुण्याच्या जागेत होतं.

दिव्याची रचना साधी. बारा व्होल्टची बॅटरी आणि चोवीस व्होल्टची एलईडी पट्टी. बाराचे चोवीस करायला मधे बूस्ट कन्व्हर्टर. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. एक कॉइल असते, आणि एक इलेक्ट्रॉनिक स्विच, जो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. स्विच चालू असताना बॅटरी कॉइलमध्ये ऊर्जा भरते. स्विच बंद झाला की कॉइल ती ऊर्जा धरून ठेवू शकत नाही. डायोडमधून ती पुढच्या कपॅसिटरमध्ये ओतते, बॅटरीच्या दाबावर स्वतःचा दाब चढवून. कपॅसिटर म्हणजे साठवणीची टाकी, आणि डायोड म्हणजे टाकीतलं मागे येऊ न देणारी झडप. दिवा त्या टाकीतून वीज पितो.

एकूण वेळेपैकी किती हिस्सा स्विच चालू, त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. सूत्र एका ओळीचं आहे: एकातून ड्यूटी वजा करायची आणि आलेल्या आकड्याने बॅटरीच्या व्होल्टेजला भागायचं. स्विच अर्धा वेळ चालू असेल तर बारा भागिले अर्धा, म्हणजे चोवीस. पाऊण वेळ चालू असेल तर बारा भागिले पाव, म्हणजे अठ्ठेचाळीस. हे सूत्र विभागप्रमुखांना पाठ होतं. पुढे जे झालं ते त्या पाठांतरामुळेच.

प्रोजेक्टची पेटी उघडून मी आतली सर्किटची पाटी पाहिली. एक स्वस्त टायमर चिप स्विचला ठरलेल्या तालावर, अर्धा वेळ चालू अर्धा वेळ बंद, हाकत होती. टाकीत किती भरलंय हे बघणारं काहीच नव्हतं. कपॅसिटर पस्तीस व्होल्टचा. आणि दिवा बंद करायला बटण नव्हतं. बंद करायचा तर एलईडी पट्टीचा प्लग ओढायचा.

मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, याला फीडबॅक नाही. दिव्याचा प्लग काढला की आउटपुट वर चढत जाईल.”

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढणं म्हणजे समजूत घालायची वेळ आली. “मॅडम, सूत्र आठवा. आउटपुट कशावर अवलंबून आहे? इनपुट आणि ड्यूटी. दोन्ही स्थिर. सूत्रात लोड आहे का?”

“नाही.”

“मग लोड काढल्याने काय बदलेल?”

असं बोलून त्यांनी चष्मा परत घातला. त्यांच्या मते विषय तिथे संपला होता.

मी म्हटलं, “सर, ते सूत्र कॉइलमधला प्रवाह कधीच शून्यावर येत नाही असं धरून काढलंय. दिवा पुरेशी वीज ओढतोय तोवर ते खरं. लोड कमी झाला की प्रवाह दर फेरीला शून्यावर येतो, आणि तिथे ते सूत्र लागूच होत नाही. स्विचला माहीत नाही दिवा गेलाय. तो दर फेरीला कॉइल भरणार, कॉइल टाकीत ओतणार. पिणारं कुणी नाही, डायोड मागे येऊ देत नाही. मग टाकी चढेल नाही तर काय?”

“हे थिअरेटिकल झालं,” ते म्हणाले. सूत्र सांगणारा माणूस मला थिअरेटिकल म्हणत होता.

मी त्यांना प्रयोगशाळेत आणलं. पस्तीसचा कपॅसिटर काढून तिथे शंभर व्होल्टचा लावला, म्हणजे फुटायचं भय नको, आणि आउटपुटवर मीटर लावला. दिवा लागला, मीटरवर चोवीसच्या आसपास. मी प्लग ओढला. आकडा डोळ्यांनी धरता येईना इतक्या झटक्यात तीस, चाळीस, पन्नास ओलांडून साठच्या पुढे गेला आणि तिथे अडकला. तिथे अडकला तो सूत्राला मान देऊन नव्हे. स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, ज्याला मॉसफेट म्हणतात, तो साठ व्होल्टचा होता. त्याच्या वर दाब गेला की तो बंद असतानाही स्वतःमधून प्रवाह जाऊ देतो आणि तापतो. मी बोट लावून बघितलं, चटका बसला.

विभागप्रमुखांनी मीटरकडे पाहिलं. “मीटर बिघडलाय.”

मी दुसरा मीटर लावला. तोही तेच म्हणाला.

मग त्यांनी जे वाक्य उच्चारलं ते मी जन्मात विसरणार नाही. “मॅडम, तुम्ही शंभरचा कपॅसिटर लावलाय, म्हणून ते साठला गेलं. आपल्या मॉडेलमध्ये पस्तीसचा आहे. ते पस्तीसच्या वर जाऊच शकणार नाही.”

कपॅसिटरवर लिहिलेला आकडा म्हणजे तो किती सोसेल याची मर्यादा. या गृहस्थांना वाटत होतं की तो विजेला दिलेला हुकूम आहे. ट्रकच्या मागे ‘चाळीस’ लिहिलं की ट्रक चाळीसच्या वर पळत नाही, असं मानणारा माणूस आमच्या पोरांना पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे मार्क देत होता.

कमिटीच्या दिवशी सकाळीच मी पाहिलं, माझा शंभरचा कपॅसिटर काढून पस्तीसचा परत बसवला होता. “ओरिजिनल स्थितीत हवं,” असं मला सांगण्यात आलं.

कमिटीत दोघं होते. एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना गुडघ्यांचा त्रास होता आणि प्रत्येक खोलीत ते आधी खुर्ची शोधत. दुसरे तरुण, सतत फोनवर. सोबत भाऊ, पांढऱ्या कडक कपड्यांत. त्यांच्या मागे त्यांचा माणूस, जो कुठेही भिंतीला पाठ लावूनच उभा राहतो. पेढ्यांचं ताट प्रोजेक्टच्याच टेबलावर ठेवलं होतं, कारण फोटोत दोन्ही यायला हवे होते.

विभागप्रमुखांनी माहिती सांगितली. ड्यूटी सायकल, सूत्र, ग्रामीण विकास. दिवा लागलेला होता. भाऊंना इतका वेळ गप्प राहायची सवय नाही. ते पुढे सरकले.

“आता मी सांगतो साध्या भाषेत,” ते म्हणाले. “लेकरं झोपली, दिवा नको. काय करायचं? ह्यो प्लग काढायचा.”

“भाऊ, प्लग नका काढू,” मी म्हणाले. “आधी बॅटरीचा क्लिप काढावा लागतो.”

“कावून?”

“आतलं व्होल्टेज चढतं. कपॅसिटर फुटेल.”

विभागप्रमुख माझ्या आणि टेबलाच्या मधे येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, हसत. “मॅडम फार काळजी करतात,” ते कमिटीला म्हणाले. मला बॅटरीपर्यंत हात पोचवता येईना.

भाऊंनी प्लग ओढला आणि हातात उंच धरला. “हे बघा. दिवा गेला. आता ही पेटी बॅटरी खाती का? न्हाई खात. ही आपल्या पोरांची कमाल हाय.”

खाल्ली जात होतीच. दिवा नसताना तीन-चार वॅट तरी त्या पाटीत शिरत होते, आणि आता त्यांना जायला दोनच जागा होत्या: तो छोटा कपॅसिटर आणि मॉसफेट. पण भाऊंचं भाषण सुरू झालं होतं. मराठवाड्याचा अनुशेष, पाणी, शिक्षण, आपले आजोबा, आपण स्वतः. फोनवाले साहेब मान हलवत होते. मी कपॅसिटरच्या त्या काळ्या डबीकडे बघत होते. तिच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते, दाब वाढला की तिथून उकलावी म्हणून. माथा फुगू लागला होता.

“सर, बाजूला व्हा,” मी विभागप्रमुखांना म्हणाले, आणि त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांच्या आयुष्यात कुणी सहकाऱ्याने दंड धरला नसेल. ते रागाने माझ्याकडे वळले, म्हणून त्यांचा चेहरा टेबलाकडून फिरला, आणि तेवढ्यात फट् झालं.

स्वस्तातला माल. खाच उकलायच्या ऐवजी आख्खी डबीच उडाली, छताला लागली आणि खाली आली. पांढरा धूर, जळक्या कागदाच्या चिंध्या, आणि एक असा वास की नंतर दोन दिवस ती खोली कुणी उघडेना. पेढ्यांवर चिंध्या पडल्या.

आमच्या जिल्ह्यात असा आवाज झाला की माणसं आधी खाली बसतात, मग विचारतात. भाऊ निवृत्त प्राध्यापकांच्या खुर्चीमागे गेले. भाऊंच्या माणसाचा हात कमरेला गेला. फोनवाले साहेब दाराबाहेर होते. ते कसे आणि कधी गेले हे कुणीच पाहिलं नाही. गुडघ्यांच्या त्रासामुळे प्राध्यापक तेवढे जागच्या जागी बसून राहिले. मी हात घालून बॅटरीचा क्लिप उपटला.

धूर निवळल्यावर प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, “याला फीडबॅक नव्हता का?”

विभागप्रमुखांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना येत होता. “होता ना सर! सगळ्या विद्यार्थ्यांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतलेत. फाईल आणतो.”

आणि ते फाईल आणायला खरंच गेले.

मला वाटलं, आता हा म्हातारा काहीतरी बोलेल. निदान हसेल. प्राध्यापकांनी फाईल घेतली, पानं चाळली, खाली सही केली. जेवण तयार होतं. आमचा विभाग त्या वर्षी उत्तम ठरला.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या ऑफिसात बैठक झाली. विभागप्रमुख म्हणाले, मॅडमनी आधी कपॅसिटर काढून बसवला होता, त्या हाताळणीत दोष आला असावा. मी सांगितलं की दोष हाताळणीचा नाही, रचनेचा आहे, आणि हे दिवे पोरांच्या खोलीत लावू नयेत.

भाऊ विभागप्रमुखांना म्हणाले, “मला त्या सूत्राचं नका सांगू. फुटाया नको, एवढं बघा. दिवे तर लागणारच. तारीख दिलेली हाय.”

विभागप्रमुखांनी उपाय काढला. लोड काढला की व्होल्टेज चढतं, हे एव्हाना छताकडून त्यांना पटलं होतं. मग लोड कधीच जायला नको. म्हणून प्रत्येक पेटीत, आउटपुटवर कायमचा एक पांढरा, चिनी मातीचा रेझिस्टर जोडायचा. दिवा असो नसो, तो वीज पीत राहणार.

हा उपाय खोटा नाही. म्हणूनच तो जास्त चीड आणणारा होता. चोवीस व्होल्ट धरून ठेवायला त्या पाटीवर निदान सात-आठ वॅटचा लोड लागत होता, आणि पेटीवरचं सोलर पॅनल होतं दहा वॅटचं. म्हणजे दिवसभर सूर्य जे देईल ते रेझिस्टर गरम करण्यात घालवायचं, आणि संध्याकाळी पोरांना रिकामी बॅटरी द्यायची. मी हे कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, “सेफ्टी फर्स्ट, मॅडम.”

दिवे लागले. फोटो निघाले. भाऊंनी पोरांना बिस्किटं वाटली.

पंधरवड्याने आमचे प्रयोगशाळेतले मामा, जे लिंबागणेशच्या बाजूचे आणि ज्यांची बहीण त्या वसतिगृहात स्वयंपाक करते, मला म्हणाले, “मॅडम, ते दिवे काय लागत न्हाईत. बहीण म्हणती, दिवसभर पेटीत भाकरी शेकावी इतकी गरम राहती, अन् रातीला अंधार.”

“आणि फुटला का एखादा?”

“एक फुटला म्हणती. पोरं लई भेली.”

रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटीवरून गेलो. वसतिगृह म्हणजे पत्र्याची लांब खोली, भिंतीला कडेने गोधड्यांच्या घड्या. मामांच्या बहिणीने, ज्यांना मी ताई म्हणते, फुटलेली पेटी दाखवली. रेझिस्टरचा पाय तापून तापून सोल्डर वितळलं होतं आणि तो सुटला होता. तो सुटल्यावर प्लग काढला की काय होणार, हे मी तीनदा सांगितलेलं. नशिबाने पेटी उंचावर होती. कुणाला लागलं नव्हतं.

“पोरगी अभ्यासाला बसलीती,” ताई म्हणाल्या. “दिवा काढला अन् जरा येळानं फट्. तवापासून कुणी हात लावीना. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या, मेणबत्ती बरी.”

मला संताप आला, आणि तो फक्त विभागप्रमुखांचा नव्हता. कमिटीत सही करणाऱ्या त्या शांत म्हाताऱ्याचा जास्त आला. एकाला कळत नव्हतं. दुसऱ्याला कळत होतं.

पेट्या आम्ही कॉलेजात आणल्या, कुणाला न विचारता. रेझिस्टर सगळे काढून टाकले. प्रत्येक पाटीवर आउटपुटमधून दोन मोठ्या किमतीचे रेझिस्टर असे जोडले की व्होल्टेजचा ठरावीक छोटा भाग मिळावा. त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. तो भाग एका कम्पॅरेटर चिपला दिला. आउटपुट पंचविसाच्या वर गेलं की चिप स्विचचा ताल थांबवते. खाली आलं की परत सुरू करते. आणि प्रत्येक पेटीला बॅटरीच्या वाटेत एक बटण बसवलं, बंद करायचं तर तिथे करा म्हणून. सगळं मिळून एका दिव्यामागे नाश्त्याएवढाही खर्च नव्हता.

मामांनी पहिल्या पेटीचा प्लग ओढला आणि स्वतः दोन पावलं मागे गेले. मीटर पंचविसाजवळ थबकला आणि तिथेच हलका हलका झुलत राहिला.

“थांबला की बे,” मामा मीटरला म्हणाले.

आम्ही सगळ्या पेट्यांना तसंच केलं, आणि प्रत्येक पेटी प्लग ओढून, चहा होईपर्यंत तशीच ठेवून बघितली. काही फुटलं नाही. ताईंनी पहिल्या रात्री दिव्यापासून लांब बसून पोरांना जेवू घातलं, असं मामांनी सांगितलं. मग हळूहळू त्या दिव्याखाली सरकल्या.

कॉलेजच्या वार्षिकात पुढे या दिव्यांवर एक लेख आला. लेखक विभागप्रमुख. त्यात ‘क्लोज्ड लूप नियंत्रण प्रणाली’ असा शब्द होता, आणि माझ्या पाटीचा फोटो, उलटा छापलेला. मी त्यांना जाऊन म्हटलं, “सर, फोटो उलटा आहे.” ते म्हणाले, “पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ.” त्यांना अजूनही वाटत होतं की माझी तक्रार फोटोबद्दल आहे. खरं म्हणजे तेवढीच होती. बाकीची करायला समोर माणूस हवा.

ते आता प्राचार्य आहेत. त्यांच्या केबिनला एसी आहे.

त्या हंगामाच्या शेवटी कारखाने बंद झाले, आईबाप परतले, पोरं आपापल्या घरी गेली. वसतिगृहाला कुलूप लागलं. मग कुठल्याशा निवडणुकीच्या धांदलीत भाऊंच्या माणसांनी पेट्यांमधल्या बॅटऱ्या काढून प्रचाराच्या गाड्यांच्या भोंग्यांना नेल्या. विचारलं तर म्हणाले, दिवे तर ठेवलेच आहेत ना.

ताईंनी दिव्यांच्या पट्ट्या फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवल्यात. पुढच्या दिवाळीनंतर पोरं पुन्हा येतील, तेव्हा बॅटऱ्या कोण देणार, हे विचारायला मी अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेले होते. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, “मॅडम, या वर्षी आपण ड्रोन करतोय.”

बॅटऱ्यांसाठी मी आणि मामा आता आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावतोय. दिंद्रुडच्या एकाचं सोलरचं दुकान आहे. तो म्हणाला, देतो, पण सर्किट आधी दाखवा, फीडबॅक हाय का न्हाई ते बघून देतो. हाच प्रश्न त्या प्राध्यापकांनीही विचारला होता, पण इतक्या वर्षांत कॉलेजच्या कामात खरं उत्तर हवं म्हणून मला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.